‘वेटर पाहिजेत’ : एका पाटीचा अर्थ

पुण्यातल्या कुठल्याही गजबजलेल्या रस्त्यावरून चालत गेलं, की हॉटेलांच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेला एक कागद हमखास दिसतो. ‘पाहिजेत : वेटर, कॅशियर. पगार योग्यतेनुसार. आत भेटा.’ काही ठिकाणी हा कागद उन्हाने पिवळा पडलेला असतो, कारण तो वर्षभर काढलेलाच नसतो. माणसं येतात, चार दिवस काम करतात, पाचव्या दिवशी येत नाहीत. मालक म्हणतात, हल्ली कुणाला काम नको. सोडून गेलेला मुलगा म्हणतो, सांगितलं एक आणि करायला लावलं दुसरं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, आणि बहुतेक वेळा गोंधळाचं मूळ त्या तीन ओळींच्या कागदातच असतं.

तो कागद नीट लिहायचा तर काय करावं लागेल, हे एका नमुन्यावरून पाहू. समजा, कोथरूडमध्ये साठ जणांच्या बसण्याची सोय असलेलं एक शाकाहारी हॉटेल आहे. स्वयंपाकघर, मोरी, सर्व्हिस आणि काउंटर मिळून बावीस माणसं कामाला. दुपारी थाळी आणि रात्री पंजाबी चालतं. मालकाला तीन वेटर आणि एक कॅशियर हवा आहे. हॉटेल नमुन्यादाखल घेतलं असलं, तरी त्यातले प्रश्न रोजचे आहेत.

पहिला प्रश्न वेळेचा. मालकाला विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘आठ तास ड्यूटी.’ पण हॉटेलातले आठ तास कारखान्यातल्यासारखे सलग नसतात. गर्दी दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री आठ ते दहा. मधल्या वेळात टेबलं रिकामी. म्हणून या धंद्यात ‘ब्रेक शिफ्ट’ चालते. सकाळी अकरा ते तीन काम, मग सुटी, पुन्हा साडेसहा ते साडेदहा. बेरीज केली तर चार आणि चार, बरोबर आठ तास. जाहिरात खोटी नाही. पण त्या माणसाचा दिवस सकाळी अकराला सुरू होऊन रात्री साडेदहाला संपतो, म्हणजे साडेअकरा तास तो कामाला बांधलेला. मधले साडेतीन तास तो घरी जाऊ शकत नाही, कारण घर असतं हडपसरला किंवा पिंपरीला. मग तो स्टाफरूममध्ये किंवा माळ्यावर आडवा होतो. मुलगा पाचव्या दिवशी येत नाही तो बहुतेक याच साडेतीन तासांमुळे.

कायद्याने ही गोष्ट नेमकी ओळखलेली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दोन वेगवेगळी मापं आहेत. एक प्रत्यक्ष कामाचं : मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. दुसरं माप पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतच्या एकूण पसाऱ्याचं, मधली सुटी धरून : साडेदहा तास. काम मधूनमधून करायचं किंवा तातडीचं असेल तर हा पसारा बारा तासांपर्यंत नेता येतो. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजच्या नऊ तासांची मर्यादा दहापर्यंत वाढवायला मंजुरी दिली, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास मात्र तसेच ठेवले. त्यामुळे आज जाहिरात लिहिणाऱ्याने चालू आकडे कामगार कार्यालयातून एकदा तपासून घ्यावेत. तास आणि पसारा वेगळे मोजायचे, ही पद्धत मात्र कागदावर उतरवण्यासारखी आहे.

कोथरूडच्या हॉटेलात ती उतरवली तर काय होतं? अकराची हजेरी बाराला आणायची. दुपारी बारा ते साडेतीन, म्हणजे साडेतीन तास. संध्याकाळी सहा ते साडेदहा, म्हणजे साडेचार तास. एकूण काम आठ तासच, पण दुपारी बारा ते रात्री साडेदहा हा पसारा बरोबर साडेदहा तासांत बसतो. मग अकरा ते बारा टेबलं पुसायची कुणी, मीठ-मिरपूड भरायची कुणी? त्यासाठी तीनपैकी एका वेटरला सलग पाळी द्यायची, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सात, मधे अर्धा तास जेवण. तोही आठ तासच भरतो. ज्याचं घर लांब आहे किंवा जी बाई संध्याकाळी मुलांसाठी घरी असायला हवी, तिला हीच पाळी सोयीची. जाहिरातीत दोन्ही पाळ्या वेगळ्या लिहिल्या, की ज्याला जी जमते तोच फोन करतो.

आठवड्याची सुटी हाही याच ओळीतला भाग. हॉटेलला शनिवार-रविवार सोन्यासारखे, त्यामुळे सुटी मधल्या वारी मिळणार. हे आधी सांगितलं तर कुणी वाद घालत नाही. तिसऱ्या आठवड्यात कळलं तर घालतो. सणांच्या दिवसांचंही तेच. गणपतीत गावी जाणाऱ्या कोकणातल्या मुलाला त्याच दहा दिवसांत सुटी हवी असते, आणि हॉटेलला त्याच दहा दिवसांत माणसं.

आता पगार. ‘योग्यतेनुसार’ हा शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. तो मालकाला घासाघीस करायला मोकळं ठेवतो, एवढंच. पण नुसता आकडा लिहिला तरी पुरत नाही, कारण एकाच पगाराचे दोन आकडे असतात, ठरलेला आणि हातात पडणारा.

धरून चाला, वेटरचा महिन्याचा पगार १४,५६० रुपये ठरवला. हा आकडा हिशेबाला सोपा म्हणून घेतला आहे. प्रत्यक्षात तो हॉटेल उद्योगासाठी जाहीर झालेल्या किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. ते वेतन भागानुसार आणि कामाच्या कुशलतेनुसार वेगळं असतं, आणि महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. गेल्या वर्षीची जाहिरात तशीच पुन्हा छापणारा मालक इथेच फसतो.

१४,५६० मधून भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के गेले, म्हणजे १,७४७ रुपये. राज्य कामगार विम्याचे पाऊण टक्का, म्हणजे ११० रुपये. व्यवसाय कर २०० रुपये. उरले १२,५०३. वेटर बाई असेल तर महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला बायकांना व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १२,७०३ पडतील. मुलाखतीत ‘साडेचौदा हजार’ ऐकून आलेल्या मुलाने पहिल्या पगाराला बारा-साडेबारा मोजले, तर त्याला वाटतं मालकाने दोन हजार खाल्ले. वास्तविक त्यातले बहुतेक त्याच्याच नावावर जमा होत असतात. आजारपणात दवाखान्याचा आणि नोकरी सुटल्यावर निधीचा आधार त्यातूनच मिळतो. म्हणून दोन्ही आकडे छापावेत आणि कापले जाणारे पैसे कुठे जातात ते एका वाक्यात सांगावं. दुसऱ्या बाजूला, पैसे कापले जातात पण निधीचा खाते क्रमांक कधीच मिळत नाही, असं होत असेल तर ते गंभीर समजायचं. क्रमांक हातात असला, की मोबाइलवर स्वतःच पाहता येतं की दर महिन्याला भरणा होतो आहे की नाही.

जादा कामाचा दरही यातूनच निघतो. १४,५६० ला सव्वीस दिवसांनी भागलं की दिवसाचे ५६०, त्याला आठाने भागलं की तासाचे ७० रुपये. जादा तासाला कायद्याप्रमाणे दुप्पट, म्हणजे १४०. लग्नसराईत रात्री साडेबारापर्यंत थांबलेल्या वेटरला ‘रिक्षाला शंभर घे’ म्हणणं आणि दोन तासांचे २८० देणं, यातला फरक तो विसरत नाही.

पगारासंबंधी एक जुनी चाल मात्र स्पष्टपणे बंद व्हायला हवी. अनेक हॉटेलांत पहिल्या महिन्यातले दहा-पंधरा दिवसांचे पैसे ‘डिपॉझिट’ म्हणून अडकवून ठेवतात, म्हणजे मुलगा अचानक निघून जाणार नाही. परिणाम उलटा होतो. ज्याला जायचंच आहे तो पगाराच्या दिवसापर्यंत थांबतो आणि मग मागचे पैसे सोडून जातो, मनात कायमचा राग घेऊन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणं बंधनकारक आहे. माणूस काम सोडून गेला किंवा त्याला काढलं, तर त्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत पूर्ण करायचा आहे. अडकवून ठेवलेल्या पंधरा दिवसांना यात जागाच नाही. जाहिरातीत ‘पगार दर महिन्याच्या ७ तारखेला बँकेत’ एवढं लिहिलं, तरी वाचणाऱ्याला हे हॉटेल कसं आहे ते कळतं.

टिपचं काय? टिप हा पगार नव्हे. ‘पगार अठरा हजार (टिप धरून)’ असं लिहिणारे मालक गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे स्वतःच्या नावावर दाखवतात. कुठे प्रत्येकाची टिप ज्याची त्याला, कुठे डब्यात जमा करून रात्री वाटप. डब्याची पद्धत असेल तर मोरीवाल्याचा आणि आचाऱ्याचा वाटा किती, हे आधी ठरलेलं असावं. बिलातच सेवा शुल्क लावून ते नोकरांना वाटू, असा विचार कुणी करत असेल तर तो रस्ता आता धोक्याचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये हे शुल्क सक्तीने लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती योग्य ठरवली.

कामाच्या वर्णनात सगळ्यात घातक शब्द म्हणजे ‘पडेल ते काम’. वेटरचं काम गिऱ्हाइकाला पाणी देण्यापासून सुरू होतं. ऑर्डर घ्यायची, ती टेबल क्रमांकासह केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या चिठ्ठीवर चढवायची, पदार्थ नेऊन वाढायचा, लागेल ते विचारायचं, बिल न्यायचं, टेबल मोकळं करून पुन्हा मांडायचं. यात भांडी घासणं येत नाही, संडास धुणं येत नाही, मालकाच्या घरी डबा पोचवणं येत नाही. लहान हॉटेलात कधी मोरीवाला आला नाही तर सगळ्यांनाच हात लावावा लागतो, आणि बहुतेक मुलं तो आनंदाने लावतात. पण एखाद्या दिवशी अडचणीत केलेली मदत आणि रोजचं नेमून दिलेलं काम यांतली रेघ जाहिरातीत दिसायला हवी. कोथरूडच्या हॉटेलासाठी ती अशी लिहिता येईल : ‘एका वेटरकडे पाच टेबलं. भांडी घासण्यासाठी स्वतंत्र माणूस आहे.’ पाच टेबलं म्हणजे चौघांप्रमाणे वीस गिऱ्हाइकं, हे अनुभवी वेटर लगेच ओळखतो आणि आपल्याला झेपेल की नाही ते ठरवतो.

कॅशियरचं काम बाहेरून सोपं दिसतं. खुर्ची आहे, पंखा आहे. पण दिवसअखेर गल्ला जुळला नाही, तर त्याच खुर्चीवर घाम फुटतो. एका दिवसाचा हिशेब पाहू. सकाळी गल्ल्यात सुटे म्हणून ३,००० ठेवले. दिवसभराची बिलं ६८,४५० रुपयांची झाली. मशीनच्या नोंदीप्रमाणे त्यातले ४१,२०० यूपीआयने आले, ९,७५० कार्डाने. म्हणजे रोख १७,५००. भाजीवाला आणि टेंपोवाला यांना गल्ल्यातून १,२४० दिले. तर रात्री गल्ल्यात हवेत १९,२६०. मोजले तर निघाले १९,०६०. दोनशे कमी.

वाईट हॉटेलात इथे एकच वाक्य ऐकू येतं : तुझ्या पगारातून कापतो. चांगल्या कॅशियरला मात्र शोधायचं कुठे ते माहीत असतं. तो यूपीआयच्या खात्यात त्या दिवशी खरोखर किती जमा झाले ते पाहतो. तिथे ४१,४०० दिसतात. दोनशेच्या एका बिलाचे पैसे फोनवरून आले, पण गर्दीत बटण दाबलं गेलं रोखीचं. पैसे कुठेच गेलेले नाहीत, चुकीच्या रकान्यात बसले आहेत. पाच मिनिटांत नोंद दुरुस्त होते. उलट खात्यातही ४१,२०० च असते, तर सुटे देताना चूक झाली का, भाजीवाल्याची चिठ्ठी राहिली का, हे पाहावं लागलं असतं. एखाद्या वेळी गिऱ्हाईक मोबाइलवर ‘पैसे गेले’ असं चित्र दाखवून निघून जातं आणि खात्यात काहीच येत नाही. म्हणून स्वतःच्या मशीनचा आवाज किंवा संदेश येईपर्यंत बिलावर शिक्का मारायचा नाही, हा काउंटरवरचा पहिला नियम.

आणि तूट खरोखरच राहिली तर? ती आपोआप कॅशियरच्या डोक्यावर बसत नाही. त्याच्या ताब्यात दिलेले पैसे त्याच्याच निष्काळजीपणामुळे गेले असतील, तरच कायदा कपातीची मुभा देतो, आणि तीही त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर. तेव्हा गल्ला एकाच माणसाच्या हातात असला पाहिजे. मालकाचा मुलगा येऊन मधेच पाचशे उचलणार असेल आणि चिठ्ठी ठेवणार नसेल, तर रात्रीच्या तुटीला कॅशियर जबाबदार धरता येत नाही. ‘पाळी बदलताना दोघांच्या सहीने गल्ला मोजला जातो’ हे एक वाक्य जाहिरातीत असलं, तर चांगले कॅशियर त्या हॉटेलाकडे वळतात. ज्यांनी असे पैसे भरले आहेत, त्यांना त्या वाक्याची किंमत बरोबर कळते.

राहिली पात्रता. ‘अनुभवी पाहिजे’ लिहिण्याआधी मालकाने स्वतःला विचारावं, की नेमकं काय यायला हवं. वेटरला चौघांची ऑर्डर लक्षात ठेवून परत म्हणून दाखवता आली पाहिजे. जैन म्हणजे कांदा-लसूण नाही, आणि बटाटाही नाही, हे माहीत हवं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे असं कुणी सांगितलं, तर कुठल्या भाजीत कूट आहे हे आचाऱ्याला विचारून यायची सवय हवी. मराठी आणि हिंदी बोलता यावं, मेन्यूवरची इंग्रजी नावं वाचता यावीत. यातलं कुठलंही काम दहावीच्या दाखल्याने सिद्ध होत नाही, आणि दहा मिनिटांच्या परीक्षेने होतं. कॅशियरचंही तसंच. ८६० रुपयांचं बिल, त्यावर पाच टक्के जीएसटी म्हणजे ४३, एकूण ९०३. गिऱ्हाईक दोन हजार तीन रुपये पुढे करतं. ते वरचे तीन कशाला दिले हे ज्याला क्षणात कळतं आणि जो अकराशे परत करतो, त्याला काउंटरवर बसवायला हरकत नाही.

वयाची अट ‘१८ पूर्ण’ अशी ठेवणं शहाणपणाचं. हॉटेलांत आणि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. ‘फक्त मुली, दिसायला चांगल्या’ असल्या ओळी मात्र काढून टाकाव्यात. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला कायदा परवानगी देत नाही, आणि अशा जाहिरातीला चांगल्या घरची मुलगी फोनच करत नाही. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे व्हावी लागते. तिचा खर्च हॉटेल करणार, हे लिहून टाकावं. आधार कार्डाची प्रत पुरेशी असते. मूळ कार्ड ठेवून घेणाऱ्या किंवा गणवेशासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून उमेदवाराने तिथूनच परतावं.

हे सगळं एकत्र केलं, तर कोथरूडच्या त्या काचेवरचा कागद असा होतो :

पाहिजेत : वेटर ३, कॅशियर १ (स्त्री/पुरुष, वय १८ पूर्ण)
वेटर : पगार १४,५६०. निधी, विमा व कर जाऊन हातात सुमारे १२,५००. टिप वेगळी, रोज रात्री वाटप.
कॅशियर : पगार १७,००० ते १९,०००, हिशेबाची छोटी परीक्षा घेऊन ठरेल. पाळी बदलताना दोघांच्या सहीने गल्ला मोजला जातो.
वेळ : पाळी १ – दुपारी १२ ते ३.३० व संध्याकाळी ६ ते १०.३०. पाळी २ – सकाळी १०.३० ते संध्याकाळी ७, मधे अर्धा तास सुटी. आठवड्याची सुटी सोमवार ते गुरुवारपैकी एक वार. जादा तासाला दुप्पट दर.
काम : वेटरकडे पाच टेबलं, ऑर्डर, वाढणं, टेबल मांडणं. भांड्यांसाठी वेगळा माणूस आहे. कॅशियरकडे बिलं, पार्सल काउंटर, दिवसअखेरचा हिशेब.
यायला हवं : मराठी-हिंदी बोलणं, मेन्यू वाचणं. वेटरचं काम नवीन असल्यास शिकवू.
सोय : दोन वेळचं जेवण, दोन गणवेश, वैद्यकीय तपासणी हॉटेलतर्फे. नियुक्तीपत्र पहिल्या दिवशी. पगार ७ तारखेला बँकेत.
दोन दिवस काम पाहू, त्या दोन दिवसांचेही पैसे मिळतील.
भेटण्याची वेळ : दुपारी ४ ते ५.३०.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण तिचा उपयोग मोठा आहे. ‘आत भेटा’ वाचून मुलं दुपारी एक वाजता येतात, ऐन गर्दीत. मालक गल्ल्यावर असतो, कप्तान टेबलांमध्ये, आणि आलेला मुलगा दाराशी अर्धा तास अवघडून उभा राहतो. कुणीतरी त्याला ‘नंतर ये’ म्हणतं आणि तो शेजारच्या हॉटेलात जातो. चार वाजता तोच मुलगा आला, तर पंखे मंद फिरत असतात, टेबलं पुसून झालेली असतात, आणि मालक त्याला समोरची खुर्ची दाखवून चहा सांगतो.